प्रयागाहून पाटण्याला : ऋण वजा केलं की काय होतं



१८ जून १९६४ रोजी मुंबईच्या महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने अमेरिकेतल्या कैसर जीप कॉर्पोरेशनशी एक करार केला. जीपची नवी मॉडेलं काढायची होती आणि त्यासाठी लागणारे साचे व वेल्डिंगची सामग्री अमेरिकेहून यायची होती. किंमत ठरली साडेसहा लाख डॉलर. ती रोख मोजायची नव्हती. कैसर जीपनेच ती सहा टक्के व्याजाने कर्जाऊ दिली, आणि परतफेड दहा वर्षांनंतर हप्त्याहप्त्याने व्हायची होती. मधल्या काळात कैसर जीप कंपनीच अमेरिकन मोटर्स कॉर्पोरेशनच्या ताब्यात गेली. फेब्रुवारी १९७६ मध्ये या नव्या मालकाने कळवलं की कर्जाची मुद्दल माफ, वचनचिठ्ठ्याही मुदत भरेल तशा रद्द होतील. रुपयांत ही रक्कम होती ५७,७४,०६४.

आयकर अधिकाऱ्याने हा आकडा कंपनीचं त्या वर्षाचं उत्पन्न म्हणून धरला. कंपनीने ते अमान्य केलं. हा वाद न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २४ एप्रिल २०१८ रोजी, म्हणजे माफीनंतर बेचाळीस वर्षांनी मिटला.

एवढ्या वर्षांच्या वादाच्या मुळाशी एक छोटंसं गणित आहे. कंपनीच्या बँक खात्यात माफीच्या दिवशी एक रुपयाही जमा झाला नाही. कारखान्यात नवं यंत्र आलं नाही. कुणी काही दिलं नाही, उलट एक गोष्ट काढून घेतली. तरीही कंपनीपाशी आधीपेक्षा जास्त उरलं का? आणि उरलं असेल, तर नेमकं किती?

हिशेब मांडून पाहू. घसारा आणि व्याज बाजूला ठेवले, तर आलेल्या सामग्रीची किंमत +५७,७४,०६४ आणि त्यापोटी डोक्यावर असलेलं देणं −५७,७४,०६४. दोन्हींची बेरीज शून्य. या व्यवहाराने कंपनी तोपर्यंत श्रीमंतही झाली नव्हती आणि गरीबही. आता या शून्यातून देणं काढून घेतलं. सामग्री जागच्या जागी राहिली, म्हणून उरले +५७,७४,०६४. म्हणजेच ० − (−५७,७४,०६४) = +५७,७४,०६४.

न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला, पण तो या गणिताच्या विरोधात नव्हता. आयकर कायद्याच्या कलम २८ मधलं चौथं उपकलम त्या वेळी पैशाखेरीज अन्य स्वरूपात मिळालेल्या लाभाला लागू होतं. माफ झालेली रक्कम ही पैशाच्याच स्वरूपातली, म्हणून ते उपकलम इथे बसत नाही, असं न्यायालय म्हणालं. दुसरं कलम ४१(१). ते लागू व्हायला त्या देण्यापोटी कंपनीने आधी करात वजावट घेतलेली असावी लागते, आणि ती घेतलेली नव्हती. संपत्ती वाढली की नाही हा प्रश्न वेगळा, आणि त्या वाढीला कायदा उत्पन्न म्हणतो की नाही हा वेगळा. कायद्याची बाजू पुढे बदललीही. २०२३च्या वित्त अधिनियमाने त्याच उपकलमात रोख स्वरूपातला लाभ आणून ठेवला. गणिताची बाजू मात्र तेराशे-चौदाशे वर्षं तशीच आहे.

शून्यात लपलेलं कर्ज

उणे संख्या वजा करण्याचा नियम शाळेत शिकताना बहुतेकांच्या मनात एक शंका येते आणि ती रास्त आहे. समजा, माझ्याकडे तीन रुपये आहेत आणि देणं काहीच नाही, असं एखादा विद्यार्थी म्हणाला. मग या तिनातून दोन रुपयांचं कर्ज काढून घ्यायचं कसं? जे नाहीच ते वजा कसं करणार?

उत्तर असं की तीन हा आकडा गोळाबेरजेचा असतो. त्याच्या आत काय दडलंय ते तो सांगत नाही. खिशात पाच आणि उधारी दोन, तरी शिल्लक तीनच. खिशात दहा आणि उधारी सात, तरीही तीनच. म्हणून तीन रुपयेवाल्याच्या वहीत दोन रुपये जमेला आणि दोन रुपये देण्याला लिहिले, तर त्याची शिल्लक तसूभरही हलत नाही, कारण त्या दोन नोंदी मिळून शून्यच होतात. आता वहीत पाच जमा आहेत आणि दोन देणं आहे. त्यातलं देणं खोडून टाकलं की उरले पाच. म्हणून ३ − (−२) = ५. महिंद्रांच्या हिशेबातही हेच घडलं, फक्त तिथलं शून्य सत्तावन्न लाखांच्या दोन नोंदींनी भरलेलं होतं.

३ − (−२) हे उदाहरणही आजच्या शिक्षकांनी शोधलेलं नाही. इ.स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी 'बीजगणित' लिहिलं. त्यात वजाबाकीच्या नियमाखाली विद्यार्थ्याला सोडवायला जे उदाहरण दिलंय, त्यात तीन आणि दोन याच संख्या आहेत. धन तिनातून धन दोन, ऋण तिनातून ऋण दोन, आणि मग उलटापालट करून धनातून ऋण व ऋणातून धन. उत्तरं अनुक्रमे १, −१, ५ आणि −५. शून्याचीही व्यवस्था भास्कराचार्यांनी लावून ठेवली आहे. शून्य मिळवलं किंवा वजा केलं तर संख्या जशीच्या तशी राहते, पण संख्या शून्यातून वजा केली तर तिचं चिन्ह उलटतं. आयकर अधिकाऱ्यापुढे आलेलं उदाहरण या दुसऱ्या नियमाचं होतं.

भास्कराचार्यांच्या लेखनपद्धतीत एक सोय होती, ती आज आपल्याकडे नाही. ऋण संख्या दाखवायला ते तिच्या डोक्यावर टिंब देत. संख्येचं ऋणपण टिंबाने कळे आणि वजाबाकीची क्रिया शब्दांत सांगितली जाई, त्यामुळे दोन्हींची गल्लत होत नसे. आज एकच आडवी रेघ दोन्ही कामं करते. ३ − (−२) मधली पहिली रेघ 'वजा कर' असं सांगते, तर दुसरी 'ही संख्या शून्याच्या अलीकडची आहे' असं सांगते. शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर या दोन कामांसाठी पुष्कळदा दोन निराळी बटणं असतात. वहीत मात्र दोन्ही रेघा सारख्याच दिसतात आणि मुलांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

नियम आधी, कारण नंतर

नियम भास्कराचार्यांच्याही पाचशे वर्षं आधीचा आहे. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये, आज राजस्थानात असलेल्या भिल्लमाल म्हणजे भीनमाळ इथे 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' लिहिला. त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम मोजक्या श्लोकांत आहेत. त्यात स्पष्ट सांगितलंय की धनातून ऋण किंवा ऋणातून धन वजा करायचं असेल, तेव्हा दोन्हींची बेरीज करावी. पण का करावी, ते तिथे नाही. सूत्ररूप ग्रंथांची रीतच ती. सूत्र पाठ करायचं आणि त्याचं कारण गुरूच्या तोंडून किंवा टीकाग्रंथातून समजून घ्यायचं.

ते कारण ज्या टीकाग्रंथात अगदी नकाशा डोळ्यांपुढे यावा असं आलंय, त्याचा लेखक मूळच्या वऱ्हाडातल्या घराण्यातला. एलिचपूरच्या परिसरात पयोष्णी नदीकाठी दधिग्राम नावाचं गाव होतं. तिथलं एक ज्योतिषी घराणं पुढे काशीला जाऊन स्थिरावलं. त्या घराण्यातल्या बल्लाळांचे पुत्र कृष्ण दैवज्ञ. त्यांचे बंधू रंगनाथ यांनी सूर्यसिद्धांतावर टीका लिहिली आणि स्वतः कृष्ण दैवज्ञांना मुघल बादशहा जहांगीरचा आश्रय होता. इ.स. १६०० च्या सुमारास त्यांनी भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर 'बीजपल्लव' ही टीका लिहिली.

कृष्ण दैवज्ञ सांगतात की ऋणपण तीन प्रकारचं असतं : जागेचं, काळाचं आणि वस्तूंचं. तिन्हींत मुद्दा एकच, उलटेपणाचा. पूर्व ही धन धरली तर पश्चिम ऋण. पुढचा काळ धन तर मागचा ऋण. वस्तू आपल्या मालकीची असेल तर धन, आणि तीच आपल्याकडून दुसऱ्याचं येणं असेल तर ऋण. कर्ज आणि रस्ता एकाच माळेत ओवून त्यांनी वजाबाकी समजावायला रस्ता निवडला. त्यासाठी राहत्या काशीला मध्यभागी ठेवलं. काशीपासून पाटलीपुत्र पूर्वेला पंधरा योजनं आणि प्रयाग पश्चिमेला आठ योजनं. या दोन गावांमधलं अंतर किती? तेवीस योजनं. आणि हे तेवीस, ते म्हणतात, पंधरा आणि आठ यांच्या वजाबाकीने मिळणार नाहीत, बेरजेनेच मिळतील. म्हणून चिन्हं वेगळी असतील तेव्हा अंतर काढायला बेरीज करावी लागते.

आजचा नकाशा उघडून पाहिला तर उदाहरण किती नेमकं निवडलंय ते कळतं. तिन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर, सव्वापंचवीस ते साडेपंचवीस अंशांच्या आसपास आहेत. म्हणजे पूर्व-पश्चिम रेघ ओढली तर तिघं तिच्यावर किंवा तिच्या लगतच येतात. सरळ रेषेत पाटणा काशीपासून सुमारे २१५ किलोमीटर आणि प्रयागराज सुमारे १२० किलोमीटर. पंधरा आणि आठ यांचं गुणोत्तर या अंतरांशी बऱ्यापैकी जुळतं. गंगेच्या खोऱ्यात आखलेली ही संख्यारेषाच आहे. फरक एवढाच की शून्याच्या जागी काशी आहे.

या रेषेवर वजाबाकीचा अर्थ बदलतो. टोपलीतून आंबे काढून घ्यावेत तशी ती राहत नाही. १५ − (−८) म्हणजे प्रश्न असा : वजा करायच्या संख्येच्या जागी उभं राहा, म्हणजे प्रयागात. तिथून पहिल्या संख्येच्या जागी, म्हणजे पाटण्याला जायचंय. किती चालावं लागेल आणि कोणत्या दिशेला? आधी काशीपर्यंत आठ योजनं, मग पुढे पंधरा, सगळी पूर्वेला. उत्तर +२३. उलट −८ − १५ विचारलं, तर पाटण्याहून निघून प्रयागला यायचं. योजनं तेवढीच, पण दिशा पश्चिम, म्हणून −२३.

याच रेषेवर नियमाचं कारणही सापडतं. दोन गावांमधलं अंतर आपण मोजायला कुठून सुरुवात केली यावर अवलंबून नसतं. कृष्ण दैवज्ञ काशीत न राहता प्रयागात राहत असते, तर त्यांनी प्रयागाला शून्य धरलं असतं. मग पाटण्याचा आकडा १५ न राहता २३ झाला असता आणि प्रयागाचा −८ न राहता ०. दोन्ही आकड्यांत आठ-आठ वाढले, पण गावं जागची हलली नाहीत आणि रस्ताही लांबला नाही. म्हणून १५ − (−८) आणि २३ − ० ही एकच वजाबाकी. आठ वजा करायचे सोडून मिळवायचे का, याचं उत्तर हेच. वजा करायची संख्या शून्यावर आणायला तिच्यात आठ घालावे लागले, आणि अंतर बिघडू नये म्हणून तेवढेच आठ पहिल्या संख्येतही घालावे लागले.

आता दोन माणसांकडे पाहा. एकाची शिल्लक पंधरा हजार, दुसऱ्याच्या डोक्यावर आठ हजारांचं देणं. पहिला दुसऱ्यापेक्षा कितीने बरा? तेवीस हजारांनी. हिशेब शब्दशः प्रयाग-पाटण्याचाच. आणि दुसऱ्याचं आठ हजारांचं देणं कुणी माफ केलं तर तो शून्यावर येतो, म्हणजे आठ हजारांनी वर सरकतो. कर्ज काढून घेणं म्हणजे रेषेवर उजवीकडे सरकणं ते असं.

युरोपातला एक माणूस आणि एक नकार

कृष्ण दैवज्ञांनंतर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी इंग्लंडमध्ये जॉन वॉलिस यांनी जवळपास असंच चित्र काढलं. त्यांच्या १६८५च्या बीजगणितावरच्या ग्रंथात एक माणूस 'अ' या खुणेपासून पाच यार्ड पुढे जातो आणि मग आठ यार्ड मागे येतो. तो आता 'अ'च्या किती पुढे आहे? वॉलिस म्हणतात, उणे तीन यार्ड, म्हणजे तीन यार्ड मागे. रेषेवर चालणाऱ्या या माणसाचा वंश आजही पाठ्यपुस्तकांत सापडतो, कधी बेडूक होऊन तर कधी ससा.

तरीही युरोपातल्या काही जाणत्या गणितज्ञांना उणे संख्या पचत नव्हती. फ्रान्सिस मासेरेस यांनी १७५८ साली उणे चिन्हावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. हे चिन्ह फक्त मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करण्यापुरतं वापरावं आणि त्याला सुट्या संख्येपुढे बसवू नये, असा त्यांचा आग्रह होता. ते वजाबाकीला टोपलीतून काढून घेणं समजत होते, आणि त्या अर्थाने त्यांचं चूक नव्हतं. टोपलीत पाच आंबे असताना उणे दोन आंबे कोण काढणार? अडचण आंब्यांची होती. मोजायच्या गोष्टीला उलट दिशाच नसेल, तर उणे संख्येला तिथे अर्थ नाही. रस्त्याला मागची दिशा असते, तापमानाला शून्याखालची, हिशेबाला देण्याची. तिथेच हा नियम चालतो.

वर्गातली चूक

आपल्याकडे पूर्णांक संख्या सहावीच्या सुमारास येतात. पाठ्यपुस्तकातला नियम नेटका आहे : एखादी संख्या वजा करणं म्हणजे तिची विरुद्ध संख्या मिळवणं. दोनची विरुद्ध उणे दोन, उणे दोनची विरुद्ध दोन. म्हणून ३ − (−२) हे ३ + २ होतं. पण मुलांच्या तोंडी हा नियम असा राहत नाही. तो घासून घासून चार शब्दांचा होतो : 'मायनस मायनस प्लस होतं'.

या चार शब्दांनी फार नुकसान केलं आहे. ज्या मुलाने ते पाठ केलं, त्याला −३ − ५ दिसतं तेव्हा दोन उणे चिन्हं दिसतात. मग तो लिहितो +८. दुसरं मूल अर्धं आठवून पाचातून तीन काढतं आणि लिहितं +२. खरं उत्तर −८. इथे दोन चिन्हं आहेत खरी, पण पहिलं संख्येचं आणि दुसरं क्रियेचं. वजा होणारी संख्या धन पाच आहे. तीन रुपयांचं देणं असलेल्या माणसाकडून आणखी पाच रुपये काढून घेतले, तर तो आठ रुपयांनी मागे जाणार. नियम लागू होतो तो वजाबाकीचं चिन्ह आणि वजा होणाऱ्या संख्येचं चिन्ह असे दोन उणे एकमेकांना लागून आले, तेव्हाच.

चूक पकडायची एक पद्धत आहे. तिला पाठांतर लागत नाही आणि ती कधी फसत नाही. वजाबाकीच्या उत्तरात वजा केलेली संख्या परत मिळवा, मूळ संख्या आली पाहिजे. −३ − ५ चं उत्तर +८ लिहिलं असेल, तर ८ + ५ = १३, मूळची −३ आली नाही. +२ लिहिलं असेल, तर २ + ५ = ७, तेही नाही. −८ + ५ = −३, बरोबर. ३ − (−२) साठी ५ + (−२) = ३, बरोबर.

नियम स्वतः शोधू पाहणाऱ्या मुलासाठी दुसरी वाट आहे. पाटीवर एकाखाली एक लिहावं : ५ − २ = ३, ५ − १ = ४, ५ − ० = ५. वजा होणारी संख्या एकाने घटते आहे आणि उत्तर एकाने वाढतं आहे. शून्याच्या पुढची पायरी ५ − (−१). ओळ मोडायची नसेल तर उत्तर ६. ही सिद्धता नव्हे. पण नियम कुणी वरून लादलेला नाही आणि आधीच्या वजाबाक्यांशी जुळवून घ्यायला तो असाच असावा लागतो, एवढं यातून दिसतं.

शून्य नसलेली रेषा

कृष्ण दैवज्ञांनी काळाचाही उलटेपणा सांगितला होता. त्या बाबतीत मात्र एक सापळा आहे आणि त्यात इतिहासाची पुस्तकं वाचणारे नेहमी सापडतात.

रोमचा सम्राट ऑगस्टस याचा जन्म २३ सप्टेंबर इ.स.पू. ६३ चा आणि मृत्यू १९ ऑगस्ट इ.स. १४ चा. वय काढायला नियम लावला : १४ − (−६३) = ७७. वाढदिवसाला पाच आठवडे बाकी होते, म्हणून एक वर्ष कमी करून ७६ पूर्ण. पण तो वारला तेव्हा त्याची ७५ वर्षं पूर्ण झाली होती आणि शहात्तरावा वाढदिवस यायचा होता. एक वर्ष जास्तीचं आलं कुठून?

चूक नियमाची नाही, रेषेची आहे. इसवी सनाच्या गणनेत शून्य हे वर्षच नाही. इ.स.पू. १ संपलं की लगेच इ.स. १ सुरू होतं. म्हणजे काशी नकाशावरून पुसली आणि तिच्या अलीकडचं व पलीकडचं गाव एकमेकांना चिकटवलं. अशा रेषेवर उणे-अधिकांची वजाबाकी एकने चुकणारच. खगोलशास्त्रज्ञांनी यावर सोपा उपाय केला. ते इ.स.पू. १ ला शून्य म्हणतात, इ.स.पू. २ ला −१, आणि त्या हिशेबाने इ.स.पू. ६३ हे −६२ होतं. आता १४ − (−६२) = ७६ आणि वाढदिवस यायचा असल्याने ७५. बरोबर जुळलं. जुन्या ग्रहणांचा काळ काढायचा तर अशीच शून्य असलेली रेषा लागते.

कुणाच्या वहीतून वजा?

आता पुन्हा कर्जाकडे, पण शेतकऱ्याच्या. महाराष्ट्रात २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, दीड लाखापर्यंतच्या कर्जासाठी. २०१९ साली महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जासाठी. या योजनांवर चावडीवर आणि विधानसभेतही पुष्कळ वाद झाले. त्या वादात न पडता एका नमुन्याच्या शेतकऱ्याची वही तेवढी पाहू. जमीन बाजूला ठेवू, कारण ती तो विकणार नाही. बैल, अवजारं आणि पंप मिळून १,४०,००० रुपयांचे. हाती रोख १२,०००. सोसायटीचं पीककर्ज १,८०,०००. गोळाबेरीज −२८,०००.

कर्ज माफ झालं : −२८,००० − (−१,८०,०००) = १,५२,०००. तो शून्याच्या डावीकडून उजवीकडे आला. ही वाढ खरी आहे. पण हातातली रोख तपासली तर ती होती तेवढीच आहे, १२,०००. बियाणं आणि खत घ्यायला माफीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे एक रुपयाही जादा नाही. त्याला जे मिळालं ते पुढचे हप्ते न भरण्याची मोकळीक आणि नवं पीककर्ज मागायला मोकळं खातं. 'माफी झाली, मग पैसे कुठे गेले' असं विचारणारा आणि 'माफीने हातात काय आलं' असं विचारणारा, दोघांचीही गफलत इथे होते. एक बघतो गोळाबेरीज, दुसरा बघतो रोकड.

आणि ही वही एकट्याची नसते. शेतकऱ्याचं −१,८०,००० हे सोसायटीच्या किंवा बँकेच्या वहीत +१,८०,००० असतं, येणं म्हणून. कर्जमाफीत सरकार तेवढी रक्कम कर्जखात्यात भरतं. मग बँकेचं येणं गेलं आणि रोकड आली, म्हणजे बँक होती तिथेच. सरकार १,८०,००० रुपयांनी डावीकडे सरकलं आणि शेतकरी तेवढाच उजवीकडे. तिघांची बेरीज जशी होती तशीच राहते. सरकारने पैसे भरलेच नसते आणि बँकेने आपणहून कर्ज सोडलं असतं, तर डावीकडे बँक सरकली असती. अमेरिकन मोटर्सने मुद्दल माफ केली तेव्हा डावीकडे सरकली ती हीच कंपनी. कुणाचं कर्ज वजा झालं की दुसऱ्या कुणाचं येणं वजा होतंच.

याच ठिकाणी वृत्तपत्रांतली एक नेहमीची गल्लत नीट पाहून घ्यावी. अमुक बँकांनी इतके हजार कोटींची कर्जं 'निर्लेखित' केली अशी बातमी येते आणि ती कर्जमाफी म्हणून वाचली जाते. बँका करतात ते बहुतेक वेळा तांत्रिक निर्लेखन असतं. वसुलीची आशा कमी असलेलं कर्ज बँक आपल्या ताळेबंदातून काढते, त्यासाठी आधीच केलेली तरतूद वापरते, पण कर्जदारावरचा हक्क सोडत नाही. वसुलीचे दावे आणि जप्तीच्या कारवाया चालूच राहतात. बँकेच्या वहीतलं येणं कमी झालं, पण कर्जदाराच्या वहीतलं देणं तसंच आहे. त्याच्यापुरती वजाबाकी झालेलीच नाही, म्हणून तो रेषेवर एक पाऊलही उजवीकडे गेलेला नाही. माफी म्हणजे कर्जदाराच्या वहीतून ऋण वजा होणं, आणि निर्लेखन म्हणजे बँकेच्या वहीतून येणं वजा होणं. पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल, तेव्हा आकड्याकडे बघण्याआधी तो कुणाच्या वहीतून वजा झालाय ते विचारा. मुलांना पूर्णांक शिकवणाऱ्या शिक्षकांनीही फळ्यावर एकदा दोन वह्या शेजारी-शेजारी मांडाव्यात, आणि एकीत ऋण खोडलं की दुसरीत काय खोडावं लागतं ते मुलांनाच विचारावं.